सॉफ्ट प्रूफ लावलं की वाड्यातला आकाशकंदील विझल्यासारखा दिसतो. मॅट कागदावर छापू का?

ओसरी

नमस्कार मंडळी.

दिवाळीआधी एका सामूहिक प्रदर्शनात माझा एक फोटो लागणार आहे. वाड्याच्या चौकात टांगलेला केशरी आकाशकंदील, वर ब्लू अवरचं गडद निळं आभाळ, खाली तुळशीवृंदावन, रांगोळी आणि ओसरीच्या दगडी पायऱ्या, मागे दिंडी दरवाजा आणि तुळया. उजेड फक्त कंदिलाचा आणि पणत्यांचा. आकार १६ बाय २४ इंच. कागद हानेम्यूले फोटो रॅग ३०८, म्हणजे कापसाचा, मॅट. तो पोत मला या फोटोसाठी मनापासून हवा आहे.

छपाई एका स्टुडिओत एप्सन पी९०० वर होईल. त्यांनी या प्रिंटर-कागदाच्या जोडीचा आयसीसी प्रोफाइल मेलवर पाठवला. लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलपमध्ये जाऊन `S` दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील प्रतीचा पडद्यावरचा अंदाज, लावलं, तो प्रोफाइल निवडला. इथपर्यंत फोटोत फारसा फरक नाही. पण `Simulate Paper & Ink` वर खूण केली की सगळ्या फोटोवर धुळीचा थर बसल्यासारखा होतो. काळं राखाडी होतं, कंदिलाची धग जाते. गॅमट वॉर्निंग लावली तर अर्धं आभाळ आणि कंदिलाचा मधला भाग लाल होतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे जे दिसतंय ते खरं मानायचं का? लाल झालेलं सगळं घालवायलाच हवं का? आणि `Perceptual` घेऊ की `Relative`?

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे, उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटरवर ठेवला आहे.

---

सह्यकडा

प्रिंटरमध्ये शाई सीएमवायकेच असते, त्यामुळे आरजीबीत बघून उपयोग नाही. फोटोशॉपमध्ये नेऊन सरळ सीएमवायकेत कन्व्हर्ट करा. त्यानंतर जे दिसेल तेच छापून येणार, प्रूफ वगैरे वेगळं लावायची गरज नाही. आणि प्रिंट नेहमी पडद्यापेक्षा काळपट येते, म्हणून पाठवण्याआधी एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवा. मी गडकिल्ल्यांचे फोटो कॅलेंडरसाठी देतो तेव्हा दरवेळी असंच करतो, छान येतात.

---

शाईवाला

सह्यकडा, कॅलेंडर ऑफसेटवर छापलं जातं, त्यामुळे तुमची पद्धत तिथे लागू पडते. इथे ती नुकसान करेल. पी९०० मध्ये दहा शाया आहेत आणि त्यांत एक जांभळी आहे. ती गडद निळ्यासाठीच घातलेली आहे. ओसरींनी फोटो आधी ऑफसेटच्या सीएमवायकेत नेला, तर आभाळाचा निळा चार शायांच्या मर्यादेत दाबला जाईल, आणि एकदा दाबलेला रंग पुढे प्रिंटरकडे जांभळी शाई असूनही परत येत नाही. या प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबीच मागतो. शाया कशा वाटायच्या ते तो आत ठरवतो. स्टुडिओने दिलेला प्रोफाइलही आरजीबी प्रकारचाच असणार, नाहीतर तो लाइटरूमच्या यादीत आलाच नसता.

अर्धा स्टॉप वाढवण्याचं म्हणाल, तर बहुतेकांच्या प्रिंट काळपट येतात हे खरं आहे. पण त्याचं कारण त्यांचा मॉनिटर नको इतका उजळ असतो. दुकानातून आणलेला मॉनिटर कारखान्याच्या सेटिंगवर १०० च्या बराच वर असतो. ओसरींचा १०० वर आहे, तेव्हा डोळे झाकून अर्धा स्टॉप चढवायचं कारण नाही.

आता मूळ प्रश्न. ओसरी, तो धुळीचा थर खरा आहे, पण तुम्हाला दिसतोय तेवढा नाही.

फोटो रॅगसारख्या मॅट कागदावर काळ्या शाईची घनता साधारण १.६ च्या आसपास जाते. म्हणजे कागदाचा पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांच्यात सुमारे ४० ला १ एवढंच अंतर. बरायटा किंवा चांगल्या ग्लॉसी कागदावर घनता २.३ च्या पुढे जाते, म्हणजे २०० ला १. आणि तुमचा मॉनिटर १००० ला १ च्या घरात असेल. `Simulate Paper & Ink` ही खूण एवढंच करते: ४० पायऱ्यांचा जिना तुमच्या १००० पायऱ्यांच्या जिन्याच्या मधल्या भागात जसाच्या तसा उभा करून दाखवते. खूण नसताना लाइटरूम कागदाचा पांढरा मॉनिटरच्या पांढऱ्यावर आणि कागदाचा काळा मॉनिटरच्या काळ्यावर ताणून बसवतं, म्हणून तुम्हाला फरक वाटला नाही.

मग प्रत्यक्ष प्रिंट धुळकट का दिसत नाही? डोळा समोरच्या सर्वांत उजळ गोष्टीला पांढरं मानतो. भिंतीवर कागदच सर्वांत उजळ असतो, म्हणून त्यावरचा काळाही काळा वाटतो. पडद्यावर मात्र शेजारी मेन्यूची पांढरी अक्षरं आणि दुसऱ्या खिडकीतला झळझळीत पांढरा ब्राउझर असतो. त्यांच्यापुढे कागदाचा पांढरा मळका ठरतो.

म्हणून बघायची पद्धत बदला. बाकी सगळ्या खिडक्या बंद करा. `Shift+Tab` ने लाइटरूमची पॅनेल लपवा. फोटोभोवती जो कागदाच्या रंगाचा काठ दिसतो तो राहू द्या, तोच तुमचा नवा पांढरा. खूण करताना नजर दुसरीकडे वळवा. खूण होताना पाहिलंत तर मेंदू आधीच्या चित्राशी तुलना करतो आणि फक्त नुकसानच दिसतं. अर्ध्या मिनिटाने परत फोटोकडे बघा आणि मग सांगा.

---

अक्षरजुळणी

चांगला विषय काढलात. आमच्याकडे लग्नपत्रिका आणि दुकानांची पत्रकं होतात. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ प्रूफ पाठवतो, तो मोबाइलवर बघून हो म्हणतो आणि माल हातात आल्यावर म्हणतो की कुंकवाचा लाल असा नव्हता. तुम्ही म्हणताय तो सॉफ्ट प्रूफ ग्राहकाला मोबाइलवरच पाठवता येईल का? म्हणजे त्याला छापील रंगच दिसेल असा?

---

शाईवाला

अक्षरजुळणी, तसं होत नाही. सॉफ्ट प्रूफला दोन प्रोफाइल लागतात, एक कागदाचा आणि दुसरा बघणाऱ्याच्या पडद्याचा. ग्राहकाच्या मोबाइलचा पडदा कसा आहे, त्याने उजेड किती ठेवलाय, रात्री पडदा पिवळसर करणारं सेटिंग चालू आहे का, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. तुमच्यासाठी त्याच कागदावर छापलेला रंगांचा तक्ता दुकानात ठेवणं आणि लाल त्यावर बोट ठेवून ठरवणं हाच भरवशाचा मार्ग. मोबाइलवर मजकूर आणि मांडणी तपासून घ्या.

---

ओसरी

शाईवाला, सांगितलंत तसं केलं आणि खरोखर फरक पडला. पॅनेल घालवून थोडा वेळ थांबल्यावर काळा बराचसा काळा वाटायला लागला. धूळ गेली म्हणता येईल. पण दोन गोष्टी थांबूनही खटकतात. पायऱ्या आणि वृंदावनाचा खालचा भाग एकमेकांत मिसळून एकच गडद डाग झालाय. मूळ फोटोत दगडाच्या टाक्यांच्या खुणा दिसतात, इथे नाहीत. आणि आभाळ कडेला जांभळ्याकडे झुकतंय.

सह्यकडा, तुमचेही आभार. कॅलेंडरचा अनुभव वेगळा असणार हे आता कळलं.

---

मृण्मयी_पट

मी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करते, म्हणून माझी बाजू सांगते. ऑफसेटचे प्रोफाइल लाइटरूमच्या यादीत येत नाहीत, त्यामुळे मला फोटोशॉपमध्येच प्रूफ बघावं लागतं. `View > Proof Setup > Custom` मध्ये प्रेसचा प्रोफाइल निवडायचा, `Preserve Numbers` ची खूण काढायची आणि `Black Point Compensation` ठेवायचं. शेवटचं विसरलं तर सावल्या एकदम चिखल होतात आणि दोष कागदाला जातो. एकदा बसवलं की `Ctrl+Y` ने प्रूफ चालू-बंद होतं.

पण मला शाईवाल्यांशी एका बाबतीत वाद घालायचा आहे. `Simulate Paper & Ink`, फोटोशॉपमध्ये `Simulate Paper Color`, लावून मी काम करत नाही. ते लावलं की हात आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवत सुटतो, कारण डोळ्यांना मॉनिटरचा जुना काळा परत हवा असतो. मग छापील प्रत राकट येते, उजळ भाग फाटतात. मी खूण काढून रंग दुरुस्त करते, आणि सगळं झाल्यावर एकदाच खूण लावून सावल्यांत काही बुडालं नाही ना एवढं पाहते.

---

शाईवाला

मृण्मयी, तुमचा धोका खरा आहे. राखाडी दिसलं की कॉन्ट्रास्ट वाढवणारे बरेच लोक मी पाहिलेत. तरी मॅट कापसाच्या कागदासाठी मी खूण लावूनच काम करतो, कारण खूण काढली की ओसरींच्या पायऱ्या ठीक दिसतील आणि छापल्यावर बुडतील. तुमच्या मुखपृष्ठाचा आर्ट पेपर चकचकीत, तिथे हे अंतर कमी असतं. यावर छापणाऱ्यांतच दोन तट आहेत आणि दोन्हीकडे उत्तम छापणारे आहेत.

ओसरी, आता तुमच्या फोटोवर येऊ. आधी `Create Proof Copy` दाबा, म्हणजे मूळ फोटो तसाच राहील आणि या कागदासाठी वेगळी आभासी प्रत होईल. पुढचे सगळे बदल त्या प्रतीवर.

आभाळ. लाल वॉर्निंग एवढंच सांगते की इथला रंग या कागदाच्या आवाक्याबाहेर आहे. किती बाहेर, ते सांगत नाही. केसभर बाहेर असला तरी लाल आणि कोसभर बाहेर असला तरी तेवढाच लाल. म्हणून लाल घालवण्यासाठी सॅच्युरेशन खाली ओढत बसू नका. तसं केलंत तर जे रंग छापता आले असते तेही मरतील. वॉर्निंग बंद करा आणि आभाळाच्या उतारात बघा. निळा वरून खाली मऊपणे फिकट होत जातोय का, की कुठे पट्टा पडून सपाट झालाय? आणि रंग जांभळा होतोय का? तुम्हाला दुसरा त्रास दिसलाच आहे. गडद निळा आवाक्याबाहेर गेला की प्रोफाइल त्याला जवळच्या जागी आणून ठेवतो आणि ती जागा बऱ्याचदा जांभळी निघते. एचएसएलमध्ये फक्त निळ्याचा ह्यू थोडा डावीकडे, म्हणजे आकाशीकडे न्या. निळ्याची ल्यूमिनन्स जराशी वर. सॅच्युरेशन सर्वांत शेवटी आणि अगदी कमी. निळा थोडा उजळला की तो आवाक्यात सहज बसतो, कारण मॅट कागदाला खरी अडचण गडद आणि गर्द अशा दोन्ही असलेल्या रंगांची येते.

डावीकडच्या कोपऱ्यातली दुसरी वॉर्निंगही एकदा लावून पाहा. ती मॉनिटरची आहे, निळ्या रंगात दाखवते. आभाळात ती उमटली तर तो रंग तुमचा पडदाच दाखवू शकत नाही, मग तिथे प्रूफवर विश्वास ठेवता येणार नाही. साधा एसआरजीबीपुरता मॉनिटर असेल तर हे होऊ शकतं.

कंदील. हा लाल दाखवत असला तरी मी त्याला हात लावणार नाही. उजळ केशरी-पिवळा इंकजेटला चांगला जमतो. कंदिलाची धग रंगाच्या गर्दपणातून कमी येते आणि भोवतालच्या काळोखाशी असलेल्या फरकातून जास्त येते. म्हणून पायऱ्या उजळायच्या म्हणून सगळ्या सावल्या वर उचलल्यात, तर कंदील खरंच विझेल.

पायऱ्या. इथे निवड करावी लागेल. मॅट कागदाच्या त्या ४० पायऱ्यांतल्या तळाच्या थोड्याच तुमच्या हातात आहेत. त्या कुठे खर्च करायच्या ते ठरवा. दिंडी दरवाज्याच्या आतला काळोख आणि तुळया पूर्ण काळ्या गेल्या तरी फोटोचं काही बिघडत नाही. टाक्यांच्या खुणा मात्र हव्यात. तेव्हा मास्क करून फक्त पायऱ्या आणि वृंदावन उचला, बाकी जागच्या जागी राहू द्या.

`Perceptual` की `Relative`, याचं उत्तर कागदावर ठरत नाही, फोटोवर ठरतं. `Relative` आवाक्यातले रंग जवळपास तसेच ठेवतो आणि बाहेरचे कडेला आणून बसवतो. `Perceptual` सगळ्यांनाच थोडं आत ओढतो, किती ओढतो ते प्रोफाइल बनवणाऱ्यावर असतं. दोन्ही आलटून पालटून लावा, आभाळाचा उतार ज्यात मऊ राहील तो घ्या. पण स्टुडिओला आधी विचारा ते छापताना काय वापरतात. तुम्ही एक बघितला आणि त्यांनी दुसऱ्याने छापला तर एवढी मेहनत वाया.

---

सातासमुद्रा

मी इथे लीड्सला असते, घरीच छोटा प्रिंटर आहे. असाच प्रश्न मला गणेशोत्सवाच्या मिरवणुकीच्या रात्रीच्या फोटोंत आला होता. मी दोन दिवस स्लाइडर हलवले आणि मग फोटो रॅग बरायटाचा प्रोफाइल लावून पाहिला. सगळं जागेवर आलं. कापसाचाच कागद, वर चकाकी. ओसरी, रात्रीच्या फोटोला मॅट कशाला? प्रूफ हे कागद निवडण्यासाठी वापरा. दोन प्रोफाइल लावा, दोन प्रती शेजारी ठेवा, दहा मिनिटांत निर्णय.

---

ओसरी

सातासमुद्रा, बरायटाचा प्रोफाइल स्टुडिओकडून मागवून लावला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. काळा खोल गेला, पायऱ्या काहीही न करता दिसल्या, आभाळावरचा लाल निम्म्याहून कमी झाला. तरीही मी मॅटवरच जाणार. प्रदर्शनात फोटो काचेशिवाय लागणार आहेत आणि समोर मोठी खिडकी आहे. चकचकीत काळ्या भागात बघणाऱ्याला खिडकीच दिसेल. प्रूफमध्ये ती चमक दिसत नाही, पण भिंतीवर दिसणार.

---

सातासमुद्रा

खिडकी असेल तर तुमचं पटतं. मी माझे काचेच्या फ्रेममध्ये लावते, त्यामुळे तसंही प्रतिबिंब येतंच. ते लक्षात आलं नव्हतं.

---

सह्यकडा

शाईवाला, एक विचारू? मग कॅलेंडरसाठी मी जो अर्धा स्टॉप वाढवतो तो चुकीचा की बरोबर? कारण छान तर येतात.

---

शाईवाला

तुमचा मॉनिटर किती उजळ आहे ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मापक यंत्र कुणाकडून एका दिवसासाठी आणा. मॉनिटर १०० च्या आसपास आणलात आणि तरी कॅलेंडर काळपट आलं, तर वाढवा. तोपर्यंत अर्धा स्टॉप हा तुमच्या त्या एका मॉनिटरपुरता जमलेला हिशेब आहे. मॉनिटर बदलला की तो मोडेल.

---

ओसरी

सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

स्टुडिओ `Relative` वापरतो म्हणाला. मी दोन्ही लावून पाहिले. `Perceptual` मध्ये आभाळ थोडं मऊ होतं पण रांगोळीतला गुलाबी फिका पडत होता, म्हणून `Relative` च पक्कं केलं.

प्रूफ कॉपीवर निळ्याचा ह्यू उणे ५, ल्यूमिनन्स अधिक १०, सॅच्युरेशन उणे ६. जांभळेपणा गेला. वॉर्निंग लावली तर आभाळाच्या वरच्या कोपऱ्यात अजून लाल आहे, पण उतार सलग दिसतो म्हणून सोडून दिलं. पायऱ्या आणि वृंदावनावर मास्क टाकून शॅडोज अधिक ३०, वर थोडं टेक्श्चर. आधी मी मास्कच्या कडा कडक ठेवल्या होत्या, तेव्हा पायऱ्या वेगळ्या दिव्याखाली असल्यासारख्या दिसत होत्या. कडा मऊ केल्यावर कंदिलाचाच उजेड खाली उतरतोय असं वाटलं. दरवाज्याच्या आतला काळोख तसाच ठेवला. कंदिलाला हात लावला नाही. `Y` दाबून मूळ प्रतीशी तुलना केली तर पडद्यावर मूळच जास्त देखणी आहे, पण ती या कागदावर येणारच नाही हे आता स्वीकारलं.

फाइल १६ बिट टिफ, अडोबी आरजीबी. प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट केली नाही, तो स्टुडिओ छापताना लावणार. पूर्ण आकार छापण्याआधी त्याच कागदाच्या ए४ तुकड्यावर तीन पट्ट्या छापून घेतल्या, छोटा फोटो न करता पूर्ण आकारातलेच तुकडे कापून: एक आभाळाचा कोपरा, एक कंदील, एक पायऱ्या. रात्रभर वाळू दिल्या.

खिडकीजवळ नेऊन पाहिल्या. आभाळ प्रूफमध्ये दिसलं तसंच आहे, कंदील प्रूफपेक्षा सरस वाटला. पायऱ्यांत टाक्यांच्या खुणा आहेत, पण प्रूफमध्ये होत्या त्याहून किंचित कमी. आणि एक गोष्ट कळली नाही. संध्याकाळी घरातल्या एलईडीखाली त्याच पट्ट्या धरल्या तर आभाळ मंद आणि थोडं हिरवट दिसलं. प्रोफाइलमध्ये दोष आहे का?

---

शाईवाला

प्रोफाइलचा दोष वाटत नाही. प्रोफाइल डी५० उजेड धरून मोजलेले असतात, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जवळचा. खिडकीशी जुळलं म्हणजे काम झालं. घरच्या स्वस्त एलईडीत काही रंगांचे पट्टे कमजोर असतात, तिथे शाया वेगळ्या दिसतात. प्रिंट पारखायच्या आयएसओ ३६६४ मानकात बारकाईने पारखण्यासाठी २००० लक्स उजेड सांगितला आहे आणि साध्या पाहण्यासाठी ५००. घरात संध्याकाळी याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून सावल्या आणखी बुडतात.

पायऱ्या किंचित कमी आल्या, त्याचं कारण मला दोन ठिकाणी शक्य दिसतं. एक, तुमच्या मॉनिटरचा काळा आणि पडद्यावर पडणारा खोलीतला उजेड. दुसरं, पट्ट्या छापताना ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार प्रोफाइलसोबत सांगितलेलाच निवडला होता का? तो बदलला की शाईचं प्रमाण बदलतं आणि प्रोफाइल निरुपयोगी होतो. स्टुडिओला हे नक्की विचारा. तो बरोबर असेल तर शॅडोज अजून ५ ते ८ वाढवा आणि फक्त पायऱ्यांची पट्टी परत छापा.

---

मृण्मयी_पट

यात कागदाच्या ब्राइटनरचाही भाग असू शकतो. कागदात ब्राइटनर असेल तर उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निळसर पांढरा दिसतो, आणि एलईडीत ते किरण जवळपास नसल्याने पिवळट पडतो. मग त्यावरचा निळा हिरव्याकडे गेल्यासारखा वाटतो. प्रोफाइल मोजताना अतिनील धरलं होतं की गाळलं होतं, त्यावर प्रूफमधला पांढरा अवलंबून असतो. हे आपण ओळखायचं कसं, ते मला आजवर समाधानकारक सापडलेलं नाही.

---

शाईवाला

ब्राइटनर किती आहे ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहता येईल. पण ओसरींच्या पट्टीत हिरवटपणा कागदामुळे की दिव्यामुळे, हे ओळखायला सोपी खूण आहे. पट्टीचा न छापलेला पांढरा काठ आधी खिडकीत आणि मग त्याच एलईडीखाली बघा. पांढराही तेवढाच पिवळट-हिरवा झाला तर कागद आणि दिवा मिळून करतायत. पांढरा जागेवर आणि फक्त निळा सरकला तर तो शाई आणि दिव्याचा खेळ.

---

ओसरी

काठ पाहिला. पांढरा थोडासाच पिवळट, निळा त्याहून जास्त सरकलेला. म्हणजे दोन्ही असावं. स्टुडिओने कागदाचा प्रकार बरोबर होता असं सांगितलं, त्यामुळे शॅडोज ३६ करून पायऱ्यांची पट्टी परत छापायला टाकली.

दालनात विचारलं. दिवसा खिडकीचा उजेड, संध्याकाळी छताचे पिवळे स्पॉट, ३००० केल्विनचे. बघायला लोक जास्त संध्याकाळीच येतील. तर आता आभाळ त्या पिवळ्या दिव्यासाठी अजून निळं करू, की खिडकीसाठी आहे तसं ठेवू?

---

मृण्मयी_पट

आहे तसं ठेवा. पिवळ्या दिव्यात डोळा जुळवून घेतो. त्यासाठी निळा वाढवलात तर दुपारी पुन्हा जांभळं दिसेल.

---

शाईवाला

माझं मत थोडं वेगळं आहे. लोक संध्याकाळी येणार असतील तर पायऱ्यांची दुसरी पट्टी आणि आभाळाची पहिली पट्टी घेऊन एका संध्याकाळी दालनात जा आणि प्रत्यक्ष त्या स्पॉटखाली, फोटो लागणार त्या भिंतीवर धरा. निळ्यात बदल करायचाच तर ल्यूमिनन्सने, दोन-तीनच्या वर नको. आणि स्पॉटचा झोत कंदिलावर न येता पायऱ्यांवर यावा असं दालनवाल्यांना सांगता आलं, तर सावल्यांना प्रूफमधल्या कुठल्याही स्लाइडरपेक्षा जास्त मदत होईल.

---

ओसरी

झोत फिरवता येतो, विचारून घेतलंय. शुक्रवारी पट्ट्या घेऊन जाते आणि इथे लिहिते.